तीनशे घरांची गिरणी

बाजरी दळून आणली की पहिले चार-पाच दिवस भाकरी गोड लागते. आठवडा उलटला की पिठाला उग्र वास येऊ लागतो, आणखी काही दिवसांत भाकरी कडवट होते आणि उरलेलं पीठ गुरांच्या आंबोणात जातं. बाजरीच्या दाण्यात सुमारे पाच टक्के तेल असतं. दाणा अखंड असतो तोवर ते तेल आत सुरक्षित राहतं. दाणा फुटला की तेल आणि त्याचं विघटन करणारं विकर एकत्र येतात, वर हवा लागते आणि पीठ खवट व्हायला सुरुवात होते. ज्वारीचं दुखणं वेगळं आहे. तिच्यात गव्हासारखा चिकटपणा मुळातच नसतो. ताज्या पिठात विरी असते म्हणून भाकरी थापता येते. पीठ शिळं झालं की विरी जाते, थापताना कडा चिरतात, उकड काढली तरी भाकरी तव्यावर टाकताना मोडते.

लहान गावातल्या पिठाच्या गिरणीचा रोजचा धंदा या दोन गोष्टींवर उभा आहे. गव्हाचं पीठ महिनाभर टिकतं, त्यामुळे पिशवीबंद पिठानं गव्हाचं दळण बऱ्यापैकी खाल्लं. भाकरीचं पीठ मात्र कारखान्यात दळून, पिशवीत भरून, तीन जिल्हे ओलांडून दुकानात आठवडे ठेवता येत नाही. सोलापूर, लातूर, बीड, नगर या पट्ट्यात घरोघरी भाकरी होते. तिथे पाच किलोंचा डबा आठ-दहा दिवसांनी गिरणीत येतोच. म्हणून गिरणी टाकायचा विचार मनात आला, तर यंत्राची किंमत विचारण्याआधी गावात भाकरी किती घरांत होते आणि वर्षाचं धान्य किती घरांत भरलं जातं, हे पाहावं. मार्च ते मे या काळात भुसार दुकानातून गहू-ज्वारी पोत्यानं जात असेल, तर त्या गावात दळण आहे. धान्याऐवजी पिठाच्याच पिशव्या जास्त खपत असतील, तर ते गाव गिरणीच्या हातून सुटत चाललं आहे. रेशनच्या धान्याकडेही लक्ष ठेवावं. दुकानात गहू आला की पुढच्या तीन-चार दिवसांत गिरणीत डब्यांची रांग लागते.

आता हिशेब मांडून पाहू. पंधरा-वीस हजार वस्तीचं तालुक्याचं गाव धरू. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. दर, भाडं आणि यंत्राची किंमत गावागणिक आणि कंपनीगणिक बदलेल, पण मांडणी हीच राहील.

पाच माणसांच्या कुटुंबाला गहू, ज्वारी, बाजरी मिळून महिन्याला साधारण पंचवीस किलो दळण लागतं. तीनशे घरं नेमानं येऊ लागली की महिन्याला साडेसात हजार किलो होतात. महिन्यात सव्वीस दिवस गिरणी चालली, तर दिवसाला पावणेतीनशे ते तीनशे किलो. किलोला सहा रुपये दळणावळ धरली तर महिन्याची मिळकत ४५,००० रुपये.

यासाठी यंत्र किती मोठं लागतं? दहा हॉर्सपॉवरची, वीस इंची दगडाची चक्की तासाला सुमारे १२० किलो बारीक पीठ काढते. म्हणजे दिवसाचं सगळं दळण अडीच तासांत संपायला हवं. प्रत्यक्षात पाच तास लागतात, कारण धान्य एकगठ्ठा येत नाही. ते पाच-पाच किलोंच्या पंचावन्न-साठ डब्यांत येतं. प्रत्येक डब्याला वजन करायचं, नाव लिहायचं, चाडीत ओतायचं, दगड जुळवायचा, शेवटचं पीठ झटकून काढायचं आणि डबा बाजूला ठेवायचा. यात दर डब्याला तीनेक मिनिटं दळण्याच्या वेळेवर चढतात. वेळ यंत्रापायी जात नाही, डबे बदलण्यात जातो. म्हणून वीस हॉर्सपॉवरची मोठी चक्की घेऊन काम दुप्पट वेगानं होईल, ही समजूत चुकीची आहे. यंत्रविक्रेता मोठी चक्की गळ्यात मारायला पाहील. त्याला नकार द्यावा आणि वाचलेल्या पैशांत पाच हॉर्सपॉवरची दुसरी छोटी चक्की घ्यावी. तिच्यावर डाळी, तांदूळ आणि उपवासाचं दळण वेगळं काढता येतं.

या दुसऱ्या चक्कीचं महत्त्व गिऱ्हाइकाला बरोबर कळतं. दळण संपलं तरी चक्कीच्या पोटात थोडं पीठ उरतं आणि ते पुढच्या डब्यात उतरतं. गव्हानंतर गहू असेल तर कुणाची तक्रार नसते. हरभऱ्याच्या डाळीनंतर ज्वारी टाकली, तर भाकरी पिवळट दिसते आणि बाई दुसऱ्या दिवशी डबा घेऊन भांडायला येते. एकादशीच्या आदल्या दिवशी भगर आणि राजगिऱ्याचं दळण येतं. त्यात गव्हाचं पीठ मिसळलं, तर तिचा उपवास मोडतो आणि ते घर त्या गिरणीत पुन्हा येत नाही. एकच चक्की असेल तर दिवसाचा क्रम पाळावाच लागतो. सकाळी आधी उपवासाचं, मग गहू, मग ज्वारी-बाजरी आणि डाळी सगळ्यात शेवटी. मिरची-हळदीसाठी मात्र कांडप यंत्र संपूर्ण वेगळं हवं, शक्य झालं तर वेगळ्या खोलीत. मिरचीचा ठसका पिठाला लागला, तर तो चार दळणं झाली तरी जात नाही.

भांडवल असं बसतं. मोटर आणि स्टार्टरसह मोठी चक्की सव्वा लाख, छोटी चक्की पासष्ट हजार. वजनकाटा, वायरिंग, धूळ बाहेर ओढणारा पंखा यांना चाळीस हजार. वीजजोडणी, अनामत आणि चक्कीखालचा काँक्रीटचा चौथरा यांना तीस हजार. जादा दगडजोडी आणि हत्यारं पंधरा हजार, किरकोळ खर्च पंचवीस हजार. एकूण तीन लाख. दहा टक्के स्वतःचे घातले, तर बँकेचं कर्ज २,७०,००० रुपये होतं. अकरा टक्के व्याजानं, पाच वर्षांसाठी त्याचा हप्ता सुमारे ५,९०० रुपये बसतो.

खर्चाच्या बाजूला पहिली वीज येते. किलोमागे ०.०७ युनिट धरलं, तर साडेसात हजार किलोंना ५२५ युनिट होतात. रिकामं फिरणं, दिवे, पंखे धरून साडेपाचशे म्हणू. युनिटला सगळे कर मिळून दहा रुपये आणि स्थिर आकार धरला, तर बिल सहा हजारांच्या आसपास जातं. भाडं सहा हजार, दुरुस्ती दोन हजार, हप्ता ५,९००. सगळे मिळून १९,९०० रुपये झाले. मालक स्वतः चक्कीवर उभा राहिला, तर हाती पंचवीस हजार रुपये राहतात. दहा हजारांचा गडी ठेवला, तर पंधरा हजार.

आता तीनशेच्या जागी दीडशे घरं धरून बघा. मिळकत २२,५०० वर येते. वीज साधारण तेहतीसशे होते, दुरुस्ती दीड हजार. भाडं आणि हप्ता मात्र तेवढेच राहतात. खर्च १६,७०० आणि हाती ५,८०० रुपये, तेही दिवसभर स्वतः राबून. घरं निम्मी झाली की कमाई निम्मी होत नाही, चौथ्या हिश्श्याखाली जाते. गिरणी बंद पडते ती यंत्र महाग म्हणून नव्हे, घरं अपुरी म्हणून. जिथे आधीच पाच गिरण्या चालू आहेत आणि जिल्हा परिषदेच्या योजनेतून किंवा स्वखर्चानं बऱ्याच घरांत घरघंट्या आल्या आहेत, तिथे हा तीनशेचा आकडा मिळेल का, याचा विचार थंड डोक्यानं करावा. आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यांवरून येणारं दळण यात धरायला हरकत नाही. मात्र ते त्या एकाच दिवशी येतं आणि बाजार उरकून परत निघणाऱ्या माणसाला डबा संध्याकाळच्या गाडीआधी हवा असतो.

घरं टिकतात ती पिठावर आणि पीठ टिकतं ते दगडावर. हल्लीचे दगड एमरीचे असतात, भोवती लोखंडी पट्टी. एक दगड स्थिर आणि दुसरा फिरता. त्यांच्या तोंडावर मधल्या डोळ्यापासून काठाकडे खाचा काढलेल्या असतात. दाणा डोळ्यापाशी भरडला जातो आणि काठाकडे सरकताना बारीक होतो. दळून दळून खाचा बुजतात, दगडाचं तोंड गुळगुळीत होतं. मग दाणा कापला जाण्याऐवजी घासला जातो. हे ओळखायला यंत्र लागत नाही. नळीतून पडणारं पीठ अंगठा आणि बोटामध्ये चोळून बघावं. ते रवाळ लागत असेल, हाताला चटका बसण्याइतकं गरम असेल आणि तासाला १२० किलोऐवजी नव्वदच निघत असेल, तर दगडाला टाकी लावायची वेळ झाली. मोटरवर अँपिअर मीटर असेल तर तोही हेच सांगतो, कारण त्याच दळणाला मोटर जास्त ओढ घेते.

काही गिरणीवाले इथे सोपा मार्ग धरतात. टाकी लावण्याऐवजी चाक पिळून दगड आणखी जवळ आणतात. पीठ बारीक दिसतं, पण जळतं. दगडी चक्कीत पीठ थोडं तापणं स्वाभाविक आहे. त्या दाबानं गव्हातल्या स्टार्चचे काही कण फुटतात, पीठ पाणी जास्त धरतं आणि पोळी मऊ राहते. चक्कीच्या पिठाची पोळी आवडण्यामागचं हे खरं कारण आहे. मात्र ताप मर्यादेबाहेर गेला की कणीक चिकट होते, पिठाला करपट वास लागतो आणि ओलावा उडाल्यानं वजनातही घट येते. दहा किलो गहू देऊन साडेनऊ किलो पीठ मिळालं, की गिऱ्हाईक गिरणीवाल्याला चोर समजतं. प्रत्यक्षात बराच दोष बोथट दगडाचा असतो. चांगल्या चक्कीवर ही घट टक्का-दोन टक्क्यांत राहायला हवी.

टाकी लावण्याची रीत अशी. मेन स्विच बंद करून वरचा दगड उतरवायचा. सरळ लाकडी पट्टीला गेरू किंवा काव फासून ती दगडाच्या तोंडावरून फिरवायची. जिथे लाल रंग लागतो तो भाग उंच. तो टाकीनं उतरवून तोंड सपाट करायचं, मग बुजलेल्या खाचा पुन्हा खोल करायच्या. डोळ्यापाशी खाच खोल आणि काठाकडे उथळ होत जाते. रोज तीनशे किलो दळणाऱ्या दगडाला दोन-तीन आठवड्यांनी हे करावं लागतं. दगड कठीण की ठिसूळ, त्यावर हा काळ कमी-जास्त होतो. टाकी लावून झाल्यावर पहिली काही किलो कोंडा किंवा हलकं धान्य दळून बाजूला टाकायचं. दगडाची कच त्यात निघून जाते. हे टाळलं, तर पुढच्या गिऱ्हाइकाच्या भाकरीत दाताखाली खर येते. टाकी लावणारे कारागीर आता कमी उरले आहेत. लांबून माणूस बोलवायचा तर दोन दिवस गिरणी बंद राहते. म्हणून गिरणी टाकणाऱ्यानं हे काम स्वतः शिकून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. एखाद्या जुन्या गिरणीत महिनाभर बिनपगारी राहिलं, तरी ती शिकवणी महाग पडत नाही.

दगडाचा दुसरा शत्रू रिकामी चाडी. धान्य संपून दगड दगडावर घासले, तर ठिणग्या उडतात, तोंड खराब होतं आणि दगडाची भुकटी पिठात जाते. शेवटचा मूठभर दाणा उतरत असतानाच दगड सैल करायची सवय हाताला लागायला हवी. चाडीच्या तोंडाशी लोहचुंबक बसवायचं आणि ते रोज पुसायचं. धान्यातून खिळा, तारेचा तुकडा, पोतं शिवायच्या सुईचं टोक काय काय येतं, ते या चुंबकावर दिसतं.

विजेच्या बाबतीत दोन गोष्टी आधीच कराव्यात. पिठाच्या गिरणीला महावितरणचा औद्योगिक दर लागतो, दुकानाचा व्यापारी दर नव्हे. अर्ज करताना तसं नीट लिहावं आणि पहिलं बिल आल्यावर वर्गवारी तपासावी. दोन्ही चक्क्या मिळून पंधरा हॉर्सपॉवर, म्हणजे सव्वाअकरा किलोवॅट होतात. मंजूर भार वीस किलोवॅटच्या आत राहिला, तर स्थिर आकार कमी बसतो. मोठी चक्की न घेण्याचं हे आणखी एक कारण. दुसरी गोष्ट, सिंगल फेजिंगपासून वाचवणारा प्रिव्हेंटर. गावात तीनांपैकी एक फेज जाणं नेहमीचं आहे. चालत्या मोटरची एक फेज गेली की ती घुमल्यासारखा आवाज काढते आणि काही मिनिटांत वाइंडिंग जळतं. प्रिव्हेंटरला जो खर्च येतो, त्याच्या कितीतरी पट मोटर पुन्हा भरून घ्यायला जातो. शिवाय तेवढे दिवस डबे शेजारच्या गिरणीत जातात आणि त्यातले काही परत येत नाहीत.

पट्ट्यावर लोखंडी जाळी हवीच. गिरणीत बायका-पोरं डबा घेऊन अगदी चक्कीजवळ येतात. पदर किंवा ओढणी पट्ट्यात गेली तर स्विचपर्यंत हात पोचायलाही वेळ मिळत नाही. आणि चक्कीवर उभं राहणाऱ्यानं नाकाला कापड बांधावं. वर्षानुवर्षं पिठाची धूळ छातीत गेल्यानं दम्यासारखा त्रास होतो. जुन्या गिरणीवाल्यांपैकी अनेकांचा खोकला त्यातलाच असतो.

कागदपत्रं फार नाहीत. अन्नसुरक्षेची नोंदणी, उद्यम नोंदणी, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीची परवानगी आणि वैधमापन खात्याकडून दरवर्षी काट्याची पडताळणी. अनुदानासाठी केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात कर्जाशी जोडून प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख रुपये अनुदान ठेवलं होतं. आपल्या हिशेबात ते एक लाख पाच हजार होतं. मात्र ही रक्कम हातात पडत नाही. ती बँकेत तीन वर्षं अडकून राहते आणि हप्ते वेळेवर गेले तरच कर्जात वळती होते. त्यामुळे अनुदान मिळणार म्हणून हप्ता परवडेल, असा हिशेब करू नये. आज योजनेची मुदत आणि अटी काय आहेत, ते जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारूनच अर्ज भरावा.

लाकडी घाण्याबद्दल हल्ली बरेच जण विचारतात. गिरणीशेजारी घाणा टाकला तर? शेंगदाण्यात पंचेचाळीस टक्क्यांच्या वर तेल असतं, पण घाण्यातून हाती चाळीसच्या आसपास लागतं. एक किलो तेलाला अडीच किलो दाणे. दाणे १२० रुपये किलो धरले, तर ३०० रुपये. दीड किलो पेंड चाळीस रुपयांनी विकली तर साठ परत येतात. म्हणजे मजुरी, वीज आणि बाटली धरण्याआधीच तेल २४० रुपये किलो पडतं. हे तेल घेणारी घरं लहान गावात मोजकी असतात. शिवाय पेंड वेळेवर गेली नाही किंवा दाण्यांना बुरशी लागली, तर नुकसान मालकाचं. दळणात धान्य गिऱ्हाइकाचं असतं, घाण्यात दाणे आपले. त्यामुळे घाण्याला यंत्राच्या किमतीइतकंच भांडवल मालात अडकवावं लागतं. गिरणीचा जम बसून दोन-तीन वर्षं झाल्यावर, गिऱ्हाइकांनी स्वतःचे दाणे आणून घाणा काढून घ्यायची तयारी दाखवली, तर मजुरीवर घाणा चालवणं शहाणपणाचं. त्याआधी नको.

आणि नवी चक्की सांगण्याआधी गावात एखादी जुनी गिरणी विकायची आहे का, हे जरूर विचारा. अनेक ठिकाणी मालक थकले आहेत आणि मुलं शहरात आहेत. जुन्या गिरणीबरोबर जोडणी, चौथरा आणि सर्वांत मोलाची ती घरं मिळतात. घेताना दगडाची जाडी किती उरली, मोटर किती वेळा भरली, बेअरिंगला आवाज आहे का, ते पाहा. महिनाभर मालकाबरोबर बसून रोजचे डबे मोजा, त्याच्या तोंडी आकड्यावर विसंबू नका. वीजबिलाची थकबाकी नाही ना, हे महावितरणच्या कार्यालयात जाऊन तपासा. जागेवरची जुनी बाकी नव्या मालकाकडे मागितली जाऊ शकते.